'रजेचा अर्ज' आणि 'रमजान'मधला एकच ज

(हातात शाळेचा हजेरीपट)

नमस्कार. हा हजेरीपट. आमच्या बाई याला 'कॅटलॉग' म्हणायच्या. नाव पुकारलं की आपण 'हजर' म्हणायचो. आदल्या दिवशी दांडी मारली असेल तर घरून 'रजेचा अर्ज' आणावा लागायचा. आजचा व्हिडिओ त्या तीन शब्दांतल्या ज बद्दल आहे. हजर, रजा, अर्ज.

हे तिन्ही शब्द मुळात अरबी. पण अरबी माणसाला विचारलंत तर तो यातल्या एकातही ज म्हणणार नाही. तो 'हादिर' म्हणेल, 'रिदा' म्हणेल, 'अर्द' म्हणेल, आणि तोही साधा द नव्हे. जीभ जाड करून, घशाकडून दाब देऊन म्हटलेला द. अरबी लिपीत त्याला स्वतंत्र अक्षर आहे. या अक्षराचा अरबांना इतका अभिमान की ते आपल्या भाषेला 'दादची भाषा' म्हणतात. म्हणजे दाद या अक्षराची. आपल्याकडे उर्दू शिकवताना याच अक्षराला 'ज्वाद' म्हणतात, आणि खरी गोष्ट त्या नावबदलातच दडलेली आहे.

इराणी माणसाला हा जाड द जमत नव्हता. फारसीनं अरबी लिपी घेतली, अरबी शब्द हजारोंनी घेतले, अक्षर जसंच्या तसं लिहिलं, पण उच्चार केला तो सरळ ज. जमिनीतला ज, जहाजातला ज. फारसीत असा ज वाजणारी एकूण चार अक्षरं आहेत आणि चारही कानाला सारखीच. शुद्धलेखन शिकणाऱ्या पोरांचे हाल विचारू नका.

आता ही यादी ऐका. कर्ज, जामीन, जप्त, मर्जी, जिल्हा. सगळ्यांत मूळचा तोच अरबी दाद. आणि आता ही दुसरी यादी. काजी, वजू, रमजान. त्यातही तोच. अरबीत 'कादी', 'वुदू', 'रमदान'. पहिल्या यादीतले शब्द कचेरीतले, दुसऱ्या यादीतले धर्माचे. पण दोन्हींवर बोटांचे ठसे एकाच माणसाचे, आणि तो माणूस अरब नाही. तो फारसी शिकलेला आहे.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? मराठीत जाड द नाही, म्हणून आपण ज केला असेल. पुण्यात ही शंका कुणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो. तसं असतं तर अरबी जिथे थेट पोचली तिथेही ज च दिसायला हवा होता. चला, समुद्राकाठानं खाली जाऊ.

केरळात आणि तमिळनाडूत इस्लाम गेला तो मुख्यतः जहाजांवरून, अरब व्यापाऱ्यांबरोबर. तमिळमध्ये त्या महिन्याला काय म्हणतात? रमलान. केरळातले माप्पिळा मुसलमान काय म्हणतात? रमळान. ज चा पत्ता नाही! ल आणि ळ. हा ल आला कुठून, तर जुन्या अरबीत या अक्षराचा उच्चार जिभेच्या कडेनं, ल सारखा हवा सोडत होत असे. आठव्या शतकातल्या सीबवैही या व्याकरणकारानं तसं वर्णनच करून ठेवलंय. गंमत अशी की हा सीबवैही स्वतः इराणी होता. तिकडे स्पेनमध्येही अरबी थेट गेली, आणि तिथे 'अल्-कादी'चा झाला 'अल्काल्दे'. स्पेनमधल्या गावाचा महापौर म्हणजे आपला काजीच. त्यातही मध्ये ल डोकावतोच आहे.

आता मला सांगा, ळ काय फक्त मलयाळममध्ये आहे? मराठी माणूस ळ शिवाय जेवतही नाही. अरबांच्या तोंडून ऐकला असता तर आपणही 'रमळान' म्हटलं असतं, अडचण काहीच नव्हती. आपण 'रमजान' म्हणतो, बंगालीतही 'रमजान', पंजाबीतही तेच, कारण या सगळ्यांनी तो शब्द अरबांकडून घेतलेलाच नाही. तो फारसी वाचणाऱ्या माणसाकडून घेतला.

हाच फरक उच्चारांपलीकडे, थेट शब्दांतही दिसतो. प्रार्थनेला अरबीत शब्द आहे 'सलात', उपवासाला 'सौम', ईश्वराच्या दूताला 'रसूल' किंवा 'नबी'. आपण काय म्हणतो? नमाज, रोजा, पैगंबर. तिन्ही अस्सल फारसी. रोजा म्हणजे 'रोज'चा, दिवसभराचा. पैगंबर म्हणजे पैगाम नेणारा, आणि त्यातला 'बर' म्हणजे आपल्या भार, भरणे यांतल्या 'भृ'चा सख्खा भाऊ. इराण मुसलमान झाला तेव्हा लोकांनी नवा धर्म घेतला, पण तो सांगायला जुनेच शब्द वापरले, जरथुष्ट्री काळातले. 'नमाज' हा शब्द इस्लामच्या आधीच्या फारसीत वंदनासाठी होताच. त्याचा अवेस्तातला पूर्वज 'नेमह', आणि संस्कृतातलं भावंड 'नमस्'. नमस्कारातलं नमस्.

इथे मी जरा थांबतो, कारण हे मला फार आवडतं. मलयाळममध्ये मुसलमानांच्या प्रार्थनेला 'निस्कारम्' म्हणतात. हे 'नमस्कारम्'चंच रूप. म्हणजे केरळानं शब्द घेतला संस्कृतातून, महाराष्ट्रानं घेतला इराणातून, आणि दोघंही नकळत एकाच धातूवर जाऊन पोचले. तसंच 'बहिश्त', म्हणजे स्वर्ग. अवेस्तात 'वहिश्त', सर्वोत्तम. संस्कृतात त्याच शब्दाचं रूप काय? वसिष्ठ. रामाचे गुरू आणि फारसी स्वर्ग, एकाच शब्दाच्या दोन फांद्या. पण हे नातं हजारो वर्षांपूर्वीचं आहे, उसनवारीचं नाही. व्हॉट्सॲपवर 'नमाज संस्कृतातून आला' असं फिरत असतं, ते चूक. बहिणीला आई म्हणण्यासारखं आहे ते.

बरं, हा फारसी वाचणारा माणूस होता तरी कोण? फक्त मौलवी? इथे आपल्याला पुण्यातच पुरावा मिळतो, पेशवे दफ्तरात. तिथल्या मोडी कागदांवर तारीख कशी घातलेली असते ते पाहा. त्या पद्धतीची एक तारीख मी फळ्यावर लिहितो. हा एखादा खरा कागद नव्हे, फक्त नमुना.

(फळ्यावर) छ ११ रमजान, सु॥ सलास सितैन मया व अलफ.

'छ' म्हणजे चंद्र, चांद्र महिन्याची तारीख. 'सु॥' म्हणजे शुहूर सन. पुढे आकडे आहेत, अंकांत नाही, शब्दांत. सलास म्हणजे तीन, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६३. शुहूर सन मृगाला सुरू होतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या वर्षी रमजान वसंतात आला होता, म्हणून ६०० मिळवू. १७६३ सालचा मार्च.

आता हेच परत वाचा, कानांनी. फारसीत हजाराला 'हजार' आणि शंभराला 'सद' असे स्वतःचे शब्द आहेत, पण ते इथे नाहीत. आकडे अरबी आहेत, क्रमही अरबी, एकक आधी आणि हजार शेवटी. पण तीनला खरा अरब म्हणेल 'थलाथ', इंग्रजी 'थिंक'मधल्या थ सारखा थ, जीभ दातांत धरून. मोडीत आहे 'सलास'. तो थ फारसीत स होतो. आणि शेजारी 'रमजान', त्यातला द झालाय ज. म्हणजे शब्द अरबी, पण तोंड फारसी. एका ओळीत दोन ठसे.

आणि ही ओळ लिहिणारा कारकून होता शनिवार-नारायण पेठेतला, संध्या करणारा ब्राह्मण. त्याच्यासाठी रमजान हा उपवासाचा महिना नव्हता, तारखेचा रकाना होता. म्हणून मी म्हणतो की आपल्याकडे धर्माचे शब्द आणि कचेरीचे शब्द असे दोन वेगळे प्रवाह आलेच नाहीत. एकच शाळा होती. बहमनी राज्य १३४७ साली उभं राहिलं, तेव्हापासून दख्खनच्या दरबाराची भाषा फारसी. १४७२च्या सुमारास बिदरला महमूद गवाननं मोठा मदरसा बांधला, आणि गवान स्वतः इराणातल्या गीलानचा. कुराणाचा अर्थ समजावून घ्यायचा तरी वाट फारसीतून, आणि हिशेब लिहायचा तरी वाट फारसीतून. अरबी होतीच, पण ती पुस्तकातली आणि इराणी उच्चारांतली.

याचा आणखी एक परिणाम बघा. सूफींच्या वाटेवर 'मारिफत' म्हणजे ईश्वराची प्रत्यक्ष ओळख, फार वरची पायरी. फारसी कचेरीत त्याच शब्दाचा अर्थ झाला ओळखीनं, कुणाच्या तरी हस्ते. आणि मराठीत? पाकिटावर 'मार्फत श्री. अमुक अमुक'! तशीच जकात. धर्मात ते दान, पुण्यात तो नाका. १ एप्रिल २०१३ला पुण्यात जकात गेली, तरी रिक्षावाले 'जकात नाक्याला सोडू का' विचारतातच. मराठीनं हे शब्द प्रवचनातून घेतले असते तर अर्थ असा खाली उतरला नसता. ते कारकुनाच्या बोरूतून आले.

एकनाथांनी मात्र उलटा प्रवास केला. त्यांच्या 'अर्जदस्त' या भारुडात जीव हा देवाला सरकारी अर्ज करतो, 'शरीराबाद' नावाच्या प्रगण्यातून. कचेरीचा शब्द पुन्हा देवापाशी! पैठणच्या साध्या माणसालाही तो अर्ज ऐकताना हसू आलं असणार, म्हणजे तोवर हे शब्द कचेरीबाहेर कधीच पोचले होते.

आता सावधगिरी. प्रत्येक ज म्हणजे दाद नव्हे. 'नमाज'मधला ज मूळचा फारसीच, 'जकात'मधला अरबीतही ज च, आणि 'अजान'मधला तिसऱ्याच अक्षराचा. फारसीत चौघं सारखेच वाजतात, म्हणून कानावर विसंबायचं नाही. मूळ अरबी लिखाण काढून अक्षर बघायचं, मगच बोलायचं. शिवाय शब्दात दाद किंवा थ नसेल तर ही परीक्षा मुकी. 'मशीद' किंवा 'फकीर' कुठल्या दारानं आला ते या पद्धतीनं कळत नाही, त्याला इतर खुणा लागतात.

आणि एक अडचण अगदी ताजी आहे. अलीकडे शुभेच्छांच्या फलकांवर 'रमजान मुबारक'च्या शेजारी 'रमदान करीम' दिसायला लागलंय. आखाती देशांतल्या नोकऱ्या, टीव्ही, फोन, यांतून द थेट अरबीतून येतोय, मधला इराणी मुनशी वगळून. कॅम्पात फिरताना बघा, एकाच गल्लीत दोन्ही सापडतील. ज लिहिलेला फलक दिसला तर तो बिदरच्या वाटेनं आलाय, द लिहिलेला असेल तर विमानानं.