खरपूस की करपलेलं?

[दृश्य: काळ्या कापडावर एकच फिंगर चिप, अगदी जवळून]

ही एक फिंगर चिप. जेमतेम बोटभर. डावं टोक सोनेरी, मधला भाग पिवळसर. आता कॅमेरा उजवीकडे सरकतोय. पिवळा, पुन्हा सोनेरी, मग तांबूस, आणि शेवटच्या सेंटिमीटरभरात गडद तपकिरी. दोन्ही टोकं जाडीला सारखी आहेत. दोन्ही एकाच तेलात, तितकीच मिनिटं होती. मग एकच टोक का काळवंडलं?

याचं उत्तर या फोटोतच आहे. फक्त फोटो वाचता आला पाहिजे.

[दृश्य: कढई, बुडबुडे, संथ गतीत]

हे बुडबुडे तेलाचे नाहीत, पाण्याचे आहेत. बटाट्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. तेल 170 अंशांवर असलं, तरी चिपमध्ये ओल आहे तोवर तिथलं तापमान शंभरच्या आसपास अडून राहतं. ओल संपली की ते वर चढायला मोकळं. आणि ओल आधी संपते ती कडेची, कारण कडेला तेल दोन बाजूंनी भिडतं, टोकाच्या कोपऱ्याला तीन बाजूंनी. म्हणून पदार्थ करपतो तो कडेपासून, मधूनच नाही.

[दृश्य: तीच चिप, रंग हळूहळू चढताना]

तापमान साधारण 120 अंशांच्या पुढे गेलं की बटाट्यातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या साखरा आणि अमिनो आम्लं यांची जुगलबंदी रंगते. लुई कामिय मेलार्ड या फ्रेंच संशोधकाने 1912 मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. तिला त्याचंच नाव आहे. सोनेरी रंग तिचा, खमंग वासही तिचाच. पण अमिनो आम्लांपैकी अ‍ॅस्परजिन नावाचं एक आम्ल, जे बटाट्यात भरपूर असतं, ते याच क्रियेत अ‍ॅक्रिलामाइड तयार करतं. रंग आणि अ‍ॅक्रिलामाइड ही एकाच चुलीवरची दोन भांडी आहेत. एक उकळलं की दुसरंही तापलेलं असणार.

अ‍ॅक्रिलामाइड कारखान्यांत वापरलं जाणारं रसायन म्हणून आधीपासून ठाऊक होतं. माणसात कर्करोग होण्याची बरीच शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात त्याची नोंद 1994 मध्येच झाली होती. ते तळलेल्या-भाजलेल्या खाण्यात सापडतं, हे 2002 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी जाहीर केलं.

[दृश्य: पडद्यावर दोन फोटो शेजारी-शेजारी]

आता हे दोन फोटो. डावीकडची ताटली पाहून कुणीही म्हणेल, सगळ्या चिप्स करपल्यात. उजवीकडची पाहून म्हणेल, छान खरपूस झाल्यात. ताटली तीच, चिप्स त्याच. डावा फोटो पिवळ्या बल्बखाली काढला, उजवा खिडकीजवळ, सावलीत.

[दृश्य: ताटलीशेजारी पांढरा कागद ठेवणारा हात]

म्हणून हा कागद. साधा, छपाईचा, पांढरा. फोटो दुरुस्त करायच्या अ‍ॅपमध्ये रंग मोजणारं साधन घेऊन डाव्या फोटोत या कागदावर क्लिक केलं, तर आकडे येतात: लाल 240, हिरवा 205, निळा 150. कागद खरोखर पांढरा दिसत असता, तर तिन्ही आकडे सारखे आले असते. म्हणजे बल्बने हिरवा थोडा आणि निळा बराच खाल्लाय. तो परत द्यायचा: हिरव्याला 240 भागिले 205 ने गुणायचं, निळ्याला 240 भागिले 150 ने.

चिपच्या मधोमध फोटोत लाल 210, हिरवा 150, निळा 70 होता, म्हणजे तपकिरीकडे झुकलेला. दुरुस्ती केल्यावर हिरवा 176 झाला आणि निळा 112. मधला भाग पिवळाच होता. गडद टोकाचं काय? 120, 70, 35 चे झाले 120, 82, 56. टोक तपकिरी होतं, तपकिरीच राहिलं. बल्बने बनवलेला रंग गळून पडला, तेलात झालेला रंग उरला.

कागदाचा आकडा 255 या कमाल आकड्याला टेकला असेल, तर मात्र ही दुरुस्ती करू नका. तिथे कॅमेऱ्याची मोजायची हद्दच संपलेली असते. आणि फोनमधला जेवणाचे फोटो चटकदार करणारा मोड बंद ठेवा. तो खरा रंगच बदलून टाकतो.

[दृश्य: चिपवर तेलाची चकाकी, कॅमेरा किंचित वळल्यावर ती नाहीशी होते]

हा शॉट आम्ही तीनदा घेतला. पहिल्या दोन वेळा करपलेल्या टोकावर तेल चमकत होतं, आणि नेमकी तीच जागा फोटोत पांढरट, निर्दोष दिसत होती. उजेड समोरून नको, बाजूने हवा. चिप टिपकागदावर जरा टेकवून घेतली तर आणखी बरं.

[दृश्य: तीन ताटल्या वरून]

रंग खरा आहे याची खात्री झाली की त्याची जागा बघायची. सगळ्या ताटलीचा सरासरी रंग काढण्यात अर्थ नाही. पिवळ्या मध्यभागात गडद कडा बुडून जातात. पहिल्या ताटलीत सगळ्याच कडा आणि सगळी बारीक टोकं तपकिरी आहेत, पोटं पिवळी. इथे दोष वेळेचा किंवा कापण्याचा: तळण लांबलं, किंवा काप असमान झाले. दुसऱ्या ताटलीत चिप्स पोटासकट, सगळीकडून सारख्या तांबूस. हे बटाटे बरेच दिवस 6 अंशांखाली राहिलेले होते. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि साखर वाढली की तितक्याच वेळात रंग जास्त चढतो. तिसऱ्या ताटलीत मोजक्याच चिप्स बिघडल्यात आणि त्यांचंही एकच टोक काळं. आपली चिप इथलीच.

[दृश्य: अख्खा बटाटा, एका टोकाला देठाची खूण, उभा काप]

बटाटा रोपाला जिथे जोडलेला असतो ते हे देठाकडचं टोक. कंद वाढत असताना उन्हाचा आणि पाण्याचा ताण पडला, तर या टोकाला साखर जास्त राहते. कापताना काहीच दिसत नाही. तेलात पडल्यावर दिसतं. स्वयंपाकघरात कुणी काहीही चुकलेलं नसतं, तरी लोक बिचाऱ्या तळणाऱ्यालाच बोलतात.

[दृश्य: टोस्टचे दोन काप, एक पांढऱ्या पिठाचा, एक गडद पिठाचा]

हे गणित प्रत्येक पदार्थाला लागू नाही. डावा टोस्ट करपत आलाय. उजवा भाजण्याआधीच इतका गडद होता. त्यामुळे टोस्टचा रंग पाहायचा तो त्याच ब्रेडच्या न भाजलेल्या कापाशेजारी ठेवून. आणि कोळसा झालेला भाग? तिथे अ‍ॅक्रिलामाइड विघटितही होऊ लागतं, त्यामुळे सर्वांत काळी जागा म्हणजे सर्वांत जास्त अ‍ॅक्रिलामाइड असा हिशेब बसत नाही. तरी ती जागा खायची नाही. नेमकं प्रमाण प्रयोगशाळाच सांगते, फोटो नाही.

[दृश्य: सुरी, चिप, कापलेलं टोक]

युरोपीय संघाच्या नियमात खायला तयार फ्रेंच फ्राइजसाठी अ‍ॅक्रिलामाइडची संदर्भ पातळी आहे किलोमागे 500 मायक्रोग्रॅम, आणि तळणाऱ्यांसाठी तेलाला 175 अंशांची मर्यादा. घरी अशा तळून झालेल्या चिपचं एवढंच करता येतं: गडद टोक कापून टाकायचं.

[दृश्य: त्याच पिशवीतल्या बटाट्यांची दुसरी खेप, कागद शेजारी, खिडकीचा उजेड]

दुसऱ्या दिवशी त्याच पिशवीतले बटाटे पुन्हा तळले. या वेळी मिनिटभर आधी काढले. कडा सोनेरी आल्या. डावीकडून चौथी चिप बघा: एक टोक अजूनही तपकिरी आहे.