भंगाराच्या डब्यातला अकाउंट प्लॅन

नारळ हातात देतानाच संयोजकांनी मला घड्याळ दाखवलं, म्हणून थेट चाकणला जाऊ.

आमचा एक मोठा ग्राहक आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. आम्ही त्याला कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे मशीनवर धातू कापणारी बदलायची छोटी पाती, पुरवायचो, वर्षाला 30 लाखांचे. दर एप्रिलला मी एक्सेल उघडायचो, गेल्या वर्षीच्या आकड्यावर पंधरा टक्के चढवायचो आणि त्यालाच त्या ग्राहकाचा वर्षाचा अकाउंट प्लॅन म्हणायचो. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी परवाच हे केलंय! मग वर्षभर पर्चेसवाल्यांकडे चहा प्यायचा. ते एकच विचारायचे, रेट किती कमी करताय?

एकदा ते मीटिंगमध्ये अडकले होते, म्हणून मी टूल क्रिबमध्ये, जिथून कामगारांना टूल देतात त्या खोलीत, जाऊन बसलो. तिथल्या काकांच्या पायाशी वापरलेल्या इन्सर्टचा डबा होता. ते भंगारात किलोवर जातात. सहज हात घातला. सीएनएमजी इन्सर्टला वापरायच्या धारा चार, वर दोन आणि उलटल्यावर खाली दोन. डब्यातल्या कितीतरी नगांची खालची बाजू कोरी करकरीत! काका म्हणाले, "रात्रपाळीची पोरं उलटवतच नाहीत हो, टाकतात नि नवा मागतात." शेजारी रिकाम्या खोक्यांचा ढीग होता, आमची खोकी त्यात जेमतेम तिसरा हिस्सा.

कोऱ्या धारांची गोष्ट मी प्रॉडक्शनवाल्यांना सांगितली. आमच्या साहेबांनी मला वेड्यात काढलं, कारण त्यामुळे आमचीच विक्री 3 लाखांनी घटणार होती. पण त्या दिवसापासून प्रोसेस इंजिनिअर माझा फोन उचलायला लागला. त्याच्याकडूनच कळलं, इन्सर्ट-ड्रिल मिळून त्यांचा वर्षाचा खर्च साधारण एक कोटी: टर्निंग 60, ड्रिलिंग 25, मिलिंग 15. आमचे 30 सगळे टर्निंगमधले.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली म्हणे. बरं, आता खरा प्लॅन पळत सांगतो.

ड्रिलिंगचा रेट कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरअखेर संपत होता. ट्रायलला अडीच-तीन महिने जातात, म्हणून ती जूनमध्येच लावली. भांडलो तेही नगाच्या किमतीवर नाही, एका भोकाला किती खर्च येतो त्यावर. निम्मा वाटा मिळाला तर ऑक्टोबर ते मार्च 6 लाख. नवी लाइन जानेवारीत सुरू होणार होती, पण टूलची यादी आधीच ठरते, पर्चेसकडे कागद येईतो उशीर झालेला असतो. तिथले तीन महिन्यांचे 4 लाख. 30 मधून 3 गेले, 10 आले, झाले 37.

साहेबांना 45 हवे होते. मी म्हटलं, वरच्या 8 लाखांपुढे मशीनचं नाव सांगा, लिहितो. त्यांनी कागदावर लाल पेनाने 45 केलं. ड्रिलिंगची ऑर्डर महिनाभर लांबली आणि मार्चअखेर आकडा आला 36.