हृदयाच्या आकृतीत गेलेले दोन मार्क

(सोलापुरात बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आज एकच उत्तर तपासू. प्रश्न चार मार्कांचा आहे: हृदयाच्या उभ्या छेदाची नामनिर्देशित आकृती काढा आणि डाव्या निलयाची भिंत जाड का असते ते सांगा. अशा प्रश्नाला साधारणपणे आकृतीला एक, चार नावांना प्रत्येकी अर्धा आणि कारणाला एक मार्क असतो. तसंच धरून चालू.

समोरच्या उत्तरात आकृती नीटनेटकी आहे. चारही कप्पे आहेत, मधला पडदाही आहे. पण दोन्ही निलयांच्या भिंती सारख्याच जाडीच्या काढल्यात. खाली डावी भिंत जाड असते असं लिहायचं आणि वर ती तशी दाखवायचीच नाही, हे चालत नाही. इथे मी अर्धाच देईन.

आता नावं. इथे शब्द वाचून बरोबरची खूण करू नका. पेन्सिलीचं टोक रेघेवर ठेवा आणि ती जिथे संपते तिथे काय आहे ते बघा. ‘महाधमनी’ची रेघ नळीला टेकलीय, अर्धा. ‘डावे निलय’ही ठीक; हृदय समोरून पाहतो, म्हणून त्याची डावी बाजू कागदावर आपल्या उजव्या हाताला येते. ‘त्रिदल झडप’ची रेघ मात्र उजव्या निलयाच्या पोकळीत संपते. मुलाला झडप माहीत असेलही, पण कागदावर त्यानं पोकळीला झडप म्हटलंय. मार्क नाही. ‘फुप्फुस शिरा’ लिहिलंय उजव्या निलयातून निघणाऱ्या नळीवर. हृदयातून रक्त बाहेर नेते ती धमनी, मग त्यातलं रक्त अशुद्ध असलं तरी. तोही अर्धा गेला.

आता कारण, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. त्यानं लिहिलंय: ‘डावे निलय सर्व शरीराला रक्त पाठवते व त्यात जास्त रक्त मावते.’ पहिल्या भागाला अर्धा. दुसरा भाग चूक आहे. विश्रांतीत दोन्ही निलयं दर ठोक्याला सारखंच, सुमारे 70 मिली रक्त ढकलतात. डावीकडून सतत कमी गेलं तर फुप्फुसांत रक्त साचेल. फरक रक्ताचा नाही, दाबाचा आहे. तेवढंच पाणी तळमजल्यावर सोडायचं की चौथ्या मजल्यावर चढवायचं, असा तो फरक. फुप्फुसांकडे पाठवायला उजव्या निलयाला साधारण 25 मिमी पारा दाब पुरतो, डाव्याला मात्र सुमारे 120 लागतो.

बेरीज केली तर चारपैकी दोन. पूर्ण मार्कांचं कारण दोन ओळींत बसतं: ‘उजवे निलय कमी दाबाने जवळच्या फुप्फुसांकडे रक्त पाठवते. डाव्या निलयाला तेवढेच रक्त संपूर्ण शरीराच्या अधिक रोधाविरुद्ध जास्त दाबाने ढकलावे लागते, म्हणून त्याची भिंत जाड असते.’ आणि आकृतीत ती भिंत उजवीच्या साधारण तिप्पट जाड काढा.