आजीची गोळी बंद, आजोबांची चालू

आजी एक्याऐंशीच्या, आजोबा एकोणऐंशीचे. दोघांच्या डब्यात कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली तीच गोळी, अ‍ॅटोरवास्टॅटिन, 40 मिलिग्रॅम, रात्री जेवण झालं की. हे आपण एक उदाहरण म्हणून घेतलंय, पण असे डबे घरोघरी आहेत.

पावसाळ्यात आजींना गजकर्ण झालं, स्किनवाल्या डॉक्टरांनी बुरशीवरचं औषध इट्राकोनाझोल लिहून दिलं, घरात आणखी काय काय चालू आहे ते ना त्यांनी विचारलं ना कोणी सांगितलं. झालं काय, अ‍ॅटोरवास्टॅटिन शरीरात मोडायला जे एन्झाइम लागतं तेच इट्राकोनाझोल अडवतं, म्हणजे गोळी तेवढीच पण रक्तातलं औषध कितीतरी जास्त. दोनेक आठवड्यांत मांड्या दुखायला लागल्या, खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उठता येईना, आणि सगळे म्हणाले वय झालं आता! सून हुशार, लघवी काळपट झालेली तिच्या लक्षात आली. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीपीके तपासलं तर दोन हजारांच्या वर, नॉर्मल साधारण दोनशेच्या आत असतं. मग किडनीसाठी क्रिएटिनिनही बघितलं, आणि दोन्ही औषधं बंद.

बरं झाल्यावर प्रश्न आला, स्टॅटिन परत सुरू करायचं का? आजींना हार्ट अ‍ॅटॅक नाही, पॅरालिसिस नाही, डायबेटीसही नाही. अशांमध्ये फायदा दिसायला वेळ लागतो, 50 ते 75 वयाच्या लोकांवरच्या अभ्यासांत शंभरातल्या एकाचा अ‍ॅटॅक किंवा स्ट्रोकसारखा त्रास टळायला साधारण अडीच वर्षं लागली, आणि पंच्याहत्तरीच्या पुढे मुळात पुरावाच तोकडा आहे. इकडे आजींचं वजन वर्षभरात सहा किलो उतरलंय, चाल मंदावलीय, दोनदा पडल्यात, दिवसाला आठ गोळ्या. फिजिशियननी सरळ सांगितलं, राहू दे. मलाही तेच पटतं, कारण पडून खुबा मोडला तर ती अडीच वर्षं अंथरुणात जातील.

मग आजोबा म्हणाले, माझी पण बंद करा की! तर नाही. त्यांना स्टेंट आहे, आणि आधी अ‍ॅटॅक किंवा स्टेंट झालेल्यांना पंच्याहत्तरीनंतरही स्टॅटिनचा फायदा होतो, 2019 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 28 ट्रायल्स एकत्र करून हे बघितलंय. आजोबा रोज बाजारात चालत जातात, म्हणजे फायदा मिळेपर्यंत तब्येत टिकेल असं मानायला जागा आहे. फक्त त्यांना नाडीसाठी डिल्टियाझेम चालू होतं, तेही त्याच एन्झाइमला थोडं अडवतं, म्हणून डोस 20 वर आणला आणि सहा आठवड्यांनी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, परत तपासायचं ठरलं.

आणि आजींचं गजकर्ण? मलमावर बरं होतंय, हळूहळू. फाईलच्या पहिल्या पानावर सुनेनं सगळ्या औषधांची यादी चिकटवलीय, स्किनवाल्यांकडे जाताना तीच आधी पुढे करते.