ईयोबाचा ‘उद्धारक’ नेमका कोण?

मंडळी, आज बोलायचंय बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातल्या पंचविसाव्या आणि सव्विसाव्या ओवीवर. ‘माझा उद्धारक जिवंत आहे, हे मला ठाऊक आहे’ ही ओळ तुम्ही अंत्यविधीला कितीदा ऐकली असेल. हँडेलच्या ‘मसाया’ या संगीतरचनेतही ती आहे. पण या ‘उद्धारक’ शब्दाशी माझं जुनं भांडण आहे, ते आधी मांडतो.

मूळ हिब्रू शब्द आहे ‘गोएल’. गोएल म्हणजे जबाबदारी असलेला आप्त. भावाने नडीला जमीन विकली तर ती सोडवायची, कुणी गुलाम झाला तर त्याला सोडवायचं, खून झाला तर त्याचा जाब घ्यायचा. बायबलमधल्याच रूथच्या गोष्टीत असा एक आप्त, बवाज, वेशीपाशी दहा वडीलधाऱ्यांना बसवतो. अधिक जवळचा आप्त हक्क सोडतो आणि पायातली वहाण काढून देतो. व्यवहार सगळा चारचौघांत, साक्षीदारांपुढे होतो.

आता अध्याय वर वाचा. चौदाव्या ओवीत ईयोब म्हणतो की आप्तांनी मला टाकलंय. ज्याला एकही आप्त उरलेला नाही, तो म्हणतो, माझा गोएल जिवंत आहे! ‘उद्धारक’ म्हटलं की ही कळ जाते, उरतो फक्त पापमुक्तीचा अर्थ. पुढे ‘धुळीवर उभा राहील’ असं आहे. हे उभं राहणं साक्षीदाराचंही असू शकतं, कारण हेच क्रियापद बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात साक्षीला उभं राहण्यासाठी आलंय. तो गोएल देव की देवापुढे बोलणारा दुसरा कुणी, यावरही मतभेद आहेत.

बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने तर कर्ताच बदलला. ‘तो उभा राहील’च्या जागी ‘शेवटच्या दिवशी मी मातीतून उठेन’ असं केलं. पुनरुत्थानाचं वचन म्हणून पश्चिमेकडे ही ओळ रुजली त्यात या बदलाचा मोठा हात आहे.

वेळ संपत आला, आणि ज्यासाठी बोलावलंत ती सव्विसावी ओवी राहिलीच. थोडक्यात सांगतो. तिथलं हिब्रू मोडकं आहे: ‘माझ्या त्वचेनंतर त्यांनी हे तोडलं’. ‘त्यांनी’ म्हणजे कुणी? पत्ता नाही. म्हणून 1611च्या इंग्रजी बायबल भाषांतराने ‘किडे’ आणि ‘देह’ हे शब्द स्वतःचे घातले. पुढे ‘मिब्सारी’, म्हणजे ‘माझ्या देहापासून’ देवाला पाहीन. देहात राहून की देह सुटल्यावर? चौदाव्या अध्यायात हाच ईयोब म्हणतो, मेलेला माणूस उठत नाही. इथे मात्र सत्ताविसाव्या ओवीत ‘माझेच डोळे’ पाहतील म्हणतो. मी दोन्ही बाजू उघड्या ठेवीन. त्यासाठी मराठीत ‘देहातून’ चालेल: खिडकीतून पाहणारा आत असतो, घरातून गेलेला बाहेर.