डिलीट केलेली पोस्ट चॅटमध्ये का दिसते?

रात्री दहाला एक जण फोटोसह पोस्ट टाकतो. त्याची मैत्रीण ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर पाठवते. अर्ध्या तासात त्याचा विचार बदलतो आणि तो पोस्ट डिलीट करतो. ग्रुपमधल्या एकाचा फोन रात्रभर बंद होता. सकाळी तो सुरू करतो, आणि लिंकसोबत तोच फोटो, तेच शीर्षक त्याला दिसतं. लिंक दाबली तर पान सापडत नाही.

पोस्ट उरलेली नसताना फोटो आला कुठून?

मैत्रिणीच्या फोनमधून. तिने लिंक चिकटवली त्या क्षणी तिचं अ‍ॅप स्वतः त्या पानावर जाऊन आलं. पानाच्या कोडमध्ये og:title, og:description, og:image अशा खुणा असतात. त्या वाचून अ‍ॅपने शीर्षक घेतलं, फोटोची छोटी प्रत बनवली आणि हे सगळं मेसेजमध्येच भरलं. लिफाफ्यात कात्रण घालून पाठवावं तसं. घेणाऱ्याचा फोन मूळ पानाकडे फिरकतही नाही, त्यामुळे पोस्ट आहे की गेली याचा त्याला पत्ता नसतो.

मूळ साइटला या प्रती कुठे पोहोचल्या ते माहीत नसतं. मेसेज एन्क्रिप्टेड असल्याने अ‍ॅपच्या सर्व्हरलाही आत काय आहे ते वाचता येत नाही. 'सर्वांसाठी डिलीट करा' हे बटण लिंक पाठवणारीकडे असतं, तेही साधारण अडीच दिवसच. ग्रुपचा अ‍ॅडमिनही तो मेसेज काढू शकतो. ज्याची पोस्ट होती, त्याच्या हातात मात्र काहीच नाही. फार तर विनंती. आणि तोवर कुणी मेसेज फॉरवर्ड केला असेल, तर ती प्रत वेगळी.

टेलिग्रामची रीत निराळी. तिथे साध्या चॅटमध्ये लिंकसोबत दिसणारा फोटो-शीर्षकाचा प्रिव्ह्यू कंपनीचा सर्व्हर बनवतो आणि साठवून ठेवतो. म्हणून पोस्ट गेल्यावर नव्याने लिंक पाठवली तरी जुनाच फोटो उगवू शकतो. पान पुन्हा वाचायला लावण्यासाठी @WebpageBot नावाचा बॉट आहे. त्याला लिंक पाठवायची. फेसबुकवर हेच काम त्यांच्या Sharing Debugger या वेब-साधनातलं Scrape Again हे बटण करतं.

नेमकं काय उरलंय ते तपासायचं असेल, तर ज्या अ‍ॅपमध्ये प्रिव्ह्यू दिसतोय त्यातच ती लिंक स्वतःला नव्याने पाठवून बघा. प्रिव्ह्यू आला नाही, तर बहुधा फक्त जुन्या मेसेजमधल्या प्रती शिल्लक आहेत. आला, तर पान किंवा त्याची साठवलेली प्रत कुठेतरी जिवंत आहे.

एक जागा हमखास नजरेतून सुटते. og:image मधल्या फोटोला स्वतःचा वेगळा पत्ता असतो, आणि पोस्ट काढली की फोटोची फाइल लगेच जातेच असं नाही. तो पत्ता आधी जपून ठेवला असेल, तर लॉगइन न करता खासगी विंडोमध्ये उघडा. फोटो दिसला, तर साइटकडे तक्रार करताना पोस्टच्या लिंकसोबत हा पत्ताही द्या.