स्नायूत मुक्काम

पडद्यावर दिसतोय तो डुकराच्या श्वासपटलाचा तुकडा. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला, श्वासागणिक वरखाली होणारा स्नायू. दोन काचांमध्ये दाबून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आहे. स्नायूंचे धागे सरळ एका रेषेत चाललेत आणि मधेच लिंबाच्या आकाराची एक पिशवी आहे, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. तिच्यात वेटोळं घालून बसलेली अळी म्हणजे ट्रिकिनेला स्पायरॅलिस. ती जिवंत आहे.

१८३५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट नावाच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदनात असेच पांढरे ठिपके दिसले. प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी अळीचं वर्णन करून तिला नाव दिलं. पण पुढची पंचवीस वर्षं बहुतेक डॉक्टरांच्या लेखी ही एक निरुपद्रवी गंमतच राहिली. त्यांच्यासमोर येत होते ते जुने, बंदिस्त, चुना साचलेले कोश, आणि माणूस मेलेला असे भलत्याच आजाराने. कोश बांधले जात असताना माणसाचं काय होतं, ते कोणी पाहिलंच नव्हतं.

ते दिसलं १८६० च्या जानेवारीत, जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये. वीस वर्षांची एक मोलकरीण रुग्णालयात दाखल झाली. ताप, थकवा, पोट बिघडलेलं. निदान झालं विषमज्वराचं, कारण त्या काळी अशा तापाला बहुधा तेच नाव मिळायचं. पण तिचे स्नायू भयंकर दुखत होते. कोपरं आणि गुडघे आखडले होते, सरळ करायला गेलं की ती कळवळायची. पायांवर सूज आली. २७ जानेवारीला ती गेली.

शवविच्छेदन फ्रीडरिश आल्बर्ट त्सेंकर यांनी केलं. विषमज्वरात स्नायूंवर काय परिणाम होतो, याचा ते अभ्यास करत होते, म्हणून त्यांनी तिच्या दंडाचा स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. तिथे अळ्यांचा बुजबुजाट होता. आणि त्या कोशात नव्हत्या, स्नायूत मोकळ्याच पडल्या होत्या. म्हणजे नुकत्याच आल्या होत्या. त्सेंकरांनी आतड्यातला स्राव जपून ठेवला होता. पुढे तो तपासला, तर त्यात पूर्ण वाढलेले किडे सापडले, नर आणि माद्या दोन्ही.

मग ते ती काम करत होती त्या घरी गेले. नाताळच्या तोंडावर तिथे डुक्कर कापलं होतं. त्याचं हॅम आणि सॉसेज अजून शिल्लक होतं, आणि त्यात कोशबंद अळ्या होत्या. घरातली इतर माणसंही त्याच सुमारास आजारी पडली होती, आणि डुक्कर कापणारा खाटीकसुद्धा. कच्चं मांस चाखून बघणं ही तिकडच्या खाटकांची सवयच होती. माझ्या मते या गोष्टीतला सर्वांत भक्कम पुरावा हा खाटीकच. तो त्या घरात राहत नव्हता. त्याचा आणि त्या मुलीचा संबंध जोडणारी गोष्ट एकच होती, ते मांस.

आता तिच्या शरीरात त्या पाच आठवड्यांत काय घडलं असेल ते पाहू.

कच्चं मांस पोटात गेलं की जठरातलं आम्ल आणि पेप्सिन कोश विरघळवतात. पचन करणारा रसच अळीला मोकळं करतो. ती लहान आतड्याच्या अस्तरात शिरते, दीड-दोन दिवसांत चार वेळा कात टाकते आणि प्रौढ होते. या दिवसांत मळमळ, जुलाब, पोटदुखी होते. कधी काहीच जाणवत नाही. आठवडाभरात मादी प्रसवू लागते. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि काही आठवड्यांत एकेक मादी शेकड्यांनी, कधी हजारावरही. ही पिल्लं लसिका आणि रक्तातून सगळ्या शरीरभर जातात.

टिकतात मात्र ती हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्येच. श्वासपटल, जीभ, जबडा, डोळे हलवणारे स्नायू, बरगड्यांमधले स्नायू ही त्यांची आवडती ठिकाणं. हृदयातही शिरतात, पण तिथे त्यांचा कोश होत नाही. दाह मात्र होतो, आणि गंभीर रुग्ण दगावतात त्यात या दाहाचा मोठा वाटा असतो.

स्नायूच्या पेशीत शिरलेली अळी तिला मारत नाही. आगंतुक पाहुण्याने यजमानाकडूनच घर बांधून घ्यावं, तसा प्रकार आहे. अळीच्या स्रावांमुळे पेशी आकुंचन पावणारे आपले धागे मोडून टाकते, तिची केंद्रकं फुगतात, भोवती कोलॅजेनची भिंत उभी राहते, आणि बाहेरून सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं जाळं विणलं जातं. पेशी स्नायू राहतच नाही, अळीची दाई होते. पिल्लू शिरल्यापासून साधारण तीन आठवड्यांत ही व्यवस्था लागते, आणि मग अळी आत वर्षानुवर्षं जगू शकते.

दुखणं येतं ते या प्रवेशाच्या आणि बांधकामाच्या काळात. चावताना जबडा दुखतो, डोळा फिरवताना दुखतो, खोल श्वास घेताना बरगड्या दुखतात. ताप असतो. पापण्या आणि डोळ्यांभोवतीचा भाग सुजतो. नखांखाली रक्ताच्या बारीक रेघाही दिसू शकतात. रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतात, आणि दुखावलेल्या स्नायूंतून झिरपलेलं क्रिएटिन कायनेजही. सुजलेले डोळे, स्नायूदुखी आणि इओसिनोफिल हे तीन एकत्र दिसले की डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारायचा: गेल्या महिन्याभरात कसलं मांस खाल्लं? नुसत्या रक्तचाचणीवर भिस्त ठेवून चालत नाही, कारण प्रतिपिंडं दिसायला काही आठवडे लागतात. अल्बेंडाझोल लवकर दिलं तर आतड्यातले किडे मरतात. कोश झाल्यावर त्याचा उपयोग कमी.

जर्मनीत पुढे मोठ्या साथी आल्या. १८६५ मध्ये हेडर्सलेबेन या एका गावात शंभराच्या आसपास माणसं मेली. बर्लिनचे डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी कत्तलीनंतर प्रत्येक डुकराचं मांस सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं म्हणून आग्रह धरला, आणि प्रशिया या जर्मन राज्यात ते सक्तीचं झालं. पाळीव डुकरांतला धोका अनेक देशांत आज बराच आटलाय. जंगलातला नाही. आपल्याकडे उत्तराखंडच्या टिहरी गढवालमध्ये रानडुकराच्या मांसातून साथ आली, तेव्हा उरलेल्या मांसात या अळ्या सापडल्या होत्या.

आणि डीप फ्रीझरचं काय? डुकराच्या मांसाचे पंधरा सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचे तुकडे उणे १५ अंशांवर वीस दिवस ठेवले की स्पायरॅलिस मरते. हा नियम खरा आहे, पण डुकरापुरता. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका कुटुंबाने कॅनडातून शिकार करून आणलेल्या काळ्या अस्वलाचं मांस ४५ दिवस घरच्या फ्रीझरमध्ये ठेवलं आणि मग त्याचे कबाब केले. अस्वलाचं मांस मुळातच गडद, त्यामुळे शिजलं की नाही ते रंगावरून कळेना. काहींनी खाल्ल्यावर ते कच्चं असल्याचं लक्षात आलं आणि पुन्हा शेकलं गेलं. सहा जण आजारी पडले. त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त त्याच्यासोबत शिजवलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. सहाही जण बरे झाले.

अळी निघाली ट्रिकिनेला नेटिवा, थंड प्रदेशातल्या प्राण्यांत राहणारी आणि गोठण सोसणारी जात. उरलेलं मांस तपासलं तेव्हा ते फ्रीझरमध्ये जाऊन ११० पेक्षा जास्त दिवस झाले होते, आणि आतल्या अळ्या हलत होत्या. अशा मांसाच्या पार मधोमध थर्मामीटर खुपसून ७४ अंश सेल्सिअस दाखवलं, तरच ते शिजलं असं धरतात.